पुण्यातला पु

पुतणीच्या लग्नाचं मंगलाष्टक मी लिहिलं, आणि जेवायला बसताना मुलाच्या मामांनी ते कागदी रुमालावर तपासून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. पहिल्याच ओळीतल्या एका अक्षराभोवती लाल गोल होता. मामा मिरजेचे. बँकेत कॅशियर होते, आता निवृत्त. लाल पेन खिशात घेऊन लग्नाला येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"पावणं, तुमचा पु चुकलाय," मामा म्हणाले.

शेजारी विहीणबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला.

ओळ अशी होती: "येई वीर पुण्यातुनी वर पहा, घेऊन माळा करी." काव्य म्हणून ती थोर नाही, हे मला कुणी सांगायला नको. नवरा मुलगा संगणकावर काम करतो, त्यात वीर म्हणण्यासारखं काही नाही. पण तिथे दोन अक्षरं हवी होती, पहिलं गुरू, दुसरं लघु, आणि 'वीर' रिकामा सापडला. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितात म्हणतात, आणि शार्दूलविक्रीडित कुणाची गय करत नाही. एका ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यानंतर थांबा. म, स, ज, स, त, त हे गण आणि शेवटी एक गुरू. शाळेत 'यमाताराजभानसलगं' घोकलेलं असतं, त्यातला हवा तो गण उचलून पुढची दोन अक्षरं जोडायची: म गण हवा तर 'मातारा', तिन्ही गुरू, स गण हवा तर 'सलगं', दोन लघु आणि एक गुरू. गुरूला आडवी रेघ, लघूला अर्धचंद्र. पहिली बारा अशी होतात:

– – – ⌣ ⌣ – ⌣ – ⌣ ⌣ ⌣ –

उरलेली सात प्रत्येक कडव्याच्या शेवटी फुकटच मिळतात, कारण 'कुर्यात् सदा मंगलम्' त्यात जसंच्या तसं बसतं. मंगलाष्टक लिहिणाऱ्याला आयुष्यात तेवढीच सूट आहे.

मामांनी हे सगळं रुमालावर काढलं होतं, पोटातली जिलबी न हलवता. आणि पाचव्या जागी, जिथे लघु हवा, तिथे माझा 'पु' होता.

"पुढं जोडाक्षर आहे. ण्या. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू. पाचवीच्या पोराला विचारा."

आता नियम म्हणून हे बरोबर आहे. अ, इ, उ, ऋ असलेलं अक्षर लघु. दीर्घ स्वर गुरू. अनुस्वार, विसर्ग किंवा पुढे जोडाक्षर असेल तर लघूचाही गुरू. 'सत्य' मधला स गुरू, 'भक्त' मधला भ गुरू. पण का? कारण जोडाक्षराचा अर्धा तुकडा मागे रेलतो. सत्-त्य. तो रेलला नाही, तर मागच्या अक्षरावर आघात येत नाही, आणि मग ते लघुच राहतं. मराठीत असं सतत होतं: 'तुम्ही', 'तुझ्या', 'दुसऱ्या'. 'तुम्ही' ला कुणी तुम्-म्ही म्हणत नाही. म्हणणारा आढळला तर त्याला पाणी द्यावं.

मी मामांना म्हटलं, "तुम्ही 'पुण्य लाभलं' म्हणा."

"पुण्य लाभलं."

"आता 'पुण्याला गेलो' म्हणा."

"मी पुण्याला जात नाही."

"म्हणून तर बघा."

त्यांनी म्हटलं. दोनदा म्हटलं. पुण्य मिळवताना जीभ ण् वर टेकते आणि थांबते. पुण्याला जाताना ती न थांबता पुढे सरकते. पहिला पु गुरू, दुसरा लघु. कानाला लख्ख कळतं. विहीणबाईंनीही पुटपुटून बघितलं आणि मान हलवली. कुणाच्या बाजूने ते मात्र समजलं नाही.

मामा विचारात पडले. मला वाटलं, जिंकलो. मग ते आख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे व्याकरणातसुद्धा पुण्याला वेगळा नियम? इथंबी?"

पंगत हसली. वाढपीसुद्धा हसला, आणि त्या नादात माझ्या मठ्ठ्यात आमटी पडली. यापुढे आघात, उच्चार, काही सांगायची सोय राहिली नाही. मुद्दा बरोबर असून हरणं मला नवीन नाही, पण जेवताना तरी नको होतं.

"आणि भाच्याचं नाव लांबवलंय तुम्ही," मामांनी रुमाल उलटा केला. पत्रिकेत अभिजित, माझ्या ओळीत अभिजीत: "शोभे हा अभिजीत आज नवरा." आता अभिजित म्हणजे अ, भि, जि, त, चारही लघु. शार्दूलविक्रीडितात सलग लघु जास्तीत जास्त तीन येतात, नववं, दहावं आणि अकरावं. चौथ्याला बसायला जागाच नाही. जि दीर्घ केला की लघु, लघु, गुरू, लघु, आणि तो चौथ्या जागेपासून मापात बसतो. वृत्तासाठी ऱ्हस्वाचं दीर्घ करायची मुभा कवीला पूर्वीपासून आहे. मुलगी मात्र शहाणी: अदिती, दोन लघु, एक गुरू, अख्खा स गण. "सौख्याने अदिती घरात विहरो" ही ओळ मला एकदाही खोडावी लागली नाही. नाव ठेवताना आईबाप पत्रिका बघतात, गण बघतात, पण हे गण कुणी बघत नाही.

बरं, एवढा काटेकोर माणूस. तर अंतरपाटाशी त्यांनी स्वतःचं काय म्हटलं होतं? "आनंदाने दोघे संसार करोत सुखाने." मोजा. पंधरा अक्षरं. जागा बारा. आमच्याकडच्या वडापसारखं, तीन जण दाराला लटकलेले. चौथ्या जागी लघु हवा तिथे 'ने' बसलाय, आणि शेवटचं 'सुखाने' त्यांनी एका दमात गिळून 'कुर्यात्' गाठलं. त्यावर टाळ्या पडल्या. माझ्या वहिनीने डोळे पुसले. माझ्या मापातल्या ओळी मात्र नवऱ्याच्या आत्याने सिनेमाच्या चालीवर म्हटल्या, जिथे लघु तिथे हेल काढून आणि जिथे गुरू तिथे घाईने. एकोणीस अक्षरं जुळवायला मी रात्री जागलो आणि चालीने त्यांचं भरीत केलं, याबद्दल कुणाला काही म्हणायचं नव्हतं. लाल गोल फक्त माझ्या पुला.

कालपासून मामांचे आवाजी निरोप येतायत. पहिला: "आमचं गाव बघा. मि, र, ज. तीन लघु. न गण. सरळ गाव. पुण्याचंच कायतरी अडतं."

मी उत्तर दिलं की मामा, तुम्ही तोंडाने 'मिरज्' म्हणता, शेवटचा अ बोलतच नाही. आणि 'मिरजेला' म्हणताना तर 'मिर्जेला' म्हणता, म्हणजे मि वर आघात, म्हणजे मि गुरू.

त्यावर त्यांनी मला बरोबर पकडलं. "मग कानानं मोजायचं का कागदानं, एकदा ठरवा की!" दुर्दैव असं की प्रश्न रास्त आहे. मराठी वृत्तात जोडाक्षर कानाने मोजतात आणि न बोललेला अ कागदाने. 'घर' बोलताना एकच ठोका, पद्यात मात्र दोन लघु. हे मी त्यांना कसं सांगणार? सांगितलं तर ते पुन्हा पंगत जमवतील.

म्हणून मी फक्त लिहिलं की सत्यनारायणाला या, तेव्हा बोलू. उत्तर लगेच आलं: "येतो. पेन घेऊन येतो. पत्ता पाठवा, पुण्याचा पु लघु धरून."