‘ड्रायरने गरम करा, अंगठ्याने दाबा’: फोनच्या पडद्यावरच्या रेघेबद्दलच्या निरोपाला उत्तर

“फोन पडला आणि स्क्रीनवर चमकणारी रेघ आली? घाबरू नका, दुकानदार लुटतात! १) रेघ म्हणजे आतली पट्टी सैल झालेली असते. हेअर ड्रायरने गरम करून अंगठ्याने दाबा, रेघ जाते. २) काच तडकली तर ५०० रुपयांत नुसती काच बदलून मिळते, आख्खा डिस्प्ले कधीच लागत नाही. ३) बाजारातला डिस्प्ले आणि कंपनीचा डिस्प्ले एकच, फक्त डब्बा वेगळा. ४) खर्च फोनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर सरळ नवा घ्या. जनहितार्थ पुढे पाठवा.”

मी मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर बसतो, म्हणजे या निरोपातल्या लुटारूंपैकीच एक. तेव्हा माझा स्वार्थ जमेस धरूनच पुढचं वाचा. दाव्यांच्या क्रमानेच जातो.

पहिला. पडद्यावरच्या प्रत्येक उभ्या ओळीला केसाहून बारीक अशी स्वतःची तार असते. या सगळ्या तारा खालच्या कडेला एका चिपपाशी जमतात. तिथून एक लवचिक पट्टी निघते आणि फोनच्या बोर्डावर टिचकीच्या बटणासारखी बसते. म्हणजे जोड दोन ठिकाणी आहेत, आणि निरोप लिहिणाऱ्याने ते एकच समजले आहेत.

बोर्डाकडचा जोड आपटून हलला तर बहुधा सगळं चित्र बिघडतं: पडदा लुकलुकतो, रंग विचित्र होतात, कधी काळा पडतो पण रिंग वाजत राहते. असा फोन उघडून पट्टी नीट बसवली की काम होतं आणि खर्च काही शे रुपयांचा असतो. निरोपातलं खरं एवढंच. पण एकच रेघ असेल, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, कुठलंही ॲप उघडलं तरी त्याच जागी, तर एखाद-दुसऱ्या ओळीची तार तुटलेली आहे किंवा पडद्याकडचा जोड उकललेला आहे. हा दुसरा जोड कारखान्यात सूक्ष्म वाहक कण असलेल्या चिकट फीतीने, यंत्राखाली ठरावीक उष्णता आणि दाब देऊन केलेला असतो. ॲमोलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो. त्यामुळे ज्या ओळीपर्यंत हुकूम पोचत नाही ती कधी विझते, तर कधी पेटलेलीच राहते, आणि काळ्या पडद्यावरही रेघ झळझळताना दिसते.

अंगठा दाबल्यावर रेघ क्षणभर जाते हे मीही पाहिलं आहे. अंगठा उचलला की ती परत येते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी तिच्या शेजारी नवी येते. ड्रायरचं तर नावच काढू नका. गरम हवेने पडद्याभोवतीचा गोंद मऊ होऊन पाण्यापासूनचं सील जातं, ॲमोलेडमधल्या सेंद्रिय थरांना उष्णता सोसत नाही, आणि पडद्याच्या मागे बॅटरी असते.

घरी करण्यासारखी एक तपासणी मात्र आहे. स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्या फोनवर पाठवून बघा. तिथे रेघ दिसली नाही, तर फोन चित्र बरोबर तयार करतोय आणि दोष पडद्यात आहे. मग फॅक्टरी रीसेट करून रेघ जाणार नाही, फक्त फोटो जातील. दुसरी खूण डागाची. नुसती रेघ कित्येकदा महिनोन् महिने आहे तशी राहते आणि ती सहन होत असेल तर घाई नाही. पण शाई सांडल्यासारखा काळा किंवा जांभळा डाग असेल तर ॲमोलेडचं आतलं आवरण फुटून हवा आणि ओल आत जाऊ लागली आहे. तो पसरतो. पावसाळ्यात तर अधिकच.

म्हणून टच चालू आहे तोवर बॅकअप घ्या, आणि त्याआधी फोन बंद करू नका. पुन्हा सुरू झालेला अँड्रॉइड फोन पहिल्यांदा पिन किंवा पॅटर्नच मागतो, बोट चालत नाही. टच मेलेला असला की आपल्याच फोनबाहेर आपण. अशा वेळी ओटीजी जोडणी लावून संगणकाचा साधा माऊस वापरता येतो. काही कंपन्यांच्या फोनांत मात्र ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि न वापरल्यास ते आपोआप बंद होतं, त्यामुळे पडदा दिसतोय तोवरच हे करून घेतलेलं बरं.

दुसरा. ५०० रुपयांचा आकडा दहा-बारा वर्षांपूर्वीच्या स्वस्त फोनांच्या काळातला आहे. तेव्हा टचची काच वेगळी आणि खालचा एलसीडी वेगळा असे. काच उचकटायची, नवी चिकटवायची, झालं. आता काच, टच आणि पॅनल पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात. बाजारात आम्ही त्या सगळ्याला मिळून ‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’ म्हणतो.

तरी नुसती काच बदलता येते, ‘ग्लास चेंज’ म्हणतात तिला. अट अशी की चित्र निर्दोष हवं, टच कोपऱ्यापर्यंत चालायला हवा आणि रेघ किंवा डाग नको. फोल्डर गरम पाटावर ठेवून काचेखालून बारीक तार सरकवत गोंद कापतात, उरलेला गोंद पुसतात, गोंदाची नवी फिल्म आणि नवी काच बसवतात आणि बुडबुडे घालवायला दाबाच्या यंत्रात ठेवतात. सपाट, जाड पॅनलवर हे चांगलं जमतं. कडेला वळलेल्या, कागदासारख्या लवचिक ॲमोलेडवर तार जरा वाकडी गेली की पॅनल संपलं. म्हणून फोन देण्याआधी एकच प्रश्न विचारा: “काम करताना पॅनल गेलं तर?” बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, “रिस्क तुमची.” ते ऐकूनही द्यायचा असेल तर द्या, पण आधी ऐका. रेघ आलेल्या फोनाला मात्र ग्लास चेंज सांगणारा तुम्हाला नव्या काचेखाली जुनीच रेघ देणार.

तिसरा. डब्बे खरोखर वेगळे असतात आणि आतला मालही. एकाच मॉडेलसाठी बाजारात साधारण तीन जाती मिळतात: कंपनीचा सर्व्हिस पॅक, मूळ पॅनलवर नवी काच चढवलेला, आणि कॉपी. ॲमोलेड फोनाला स्वस्तातली कॉपी म्हणून पुष्कळदा एलसीडी लावतात. ओळखायचं सोपं: अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळा फोटो उघडा. ॲमोलेड विझल्यासारखा दिसतो, एलसीडी करडा उजळतो. शिवाय पडद्याखालचा फिंगरप्रिंट असेल तर तो एलसीडीवर चालत नाही, कारण मागचा बॅकलाइट सेन्सरच्या वाटेत येतो. आयफोन ११ आणि त्यानंतरच्या मॉडेलांत तर कंपनीचा नसलेला डिस्प्ले बसवला की फोन स्वतःच सेटिंगमध्ये तसं सांगतो. कॉपी वाईटच असते असं नाही. वर्षभर आजीला व्हिडिओ कॉलपुरता फोन हवा असेल तर ती पुरते. पण ओरिजिनलच्या भावात कॉपी घेऊ नका.

दुकानदार आपणहून फारसा बोलत नाही अशा दोन गोष्टी आहेत. तुमच्या जुन्या फोल्डरची काच फुटलेली पण पॅनल चालू असेल, तर त्याला बाजारात गिऱ्हाईक असतं. तो परत मागा, नाहीतर बिलातून तेवढे कमी करायला सांगा. दुसरी गोष्ट फ्रेमची. फोन कोपऱ्यावर आपटला असेल तर धातूची चौकट जराशी वाकते. त्यात नवा डिस्प्ले दाबून बसवला की एका जागी ताण राहतो आणि काही आठवड्यांत नवीन रेघ उमटते. मग ‘माल खराब दिला’ म्हणून भांडण. फोन उघडला की चौकट सरळ पट्टीला लावून दाखवायला सांगा. वाकलेली असेल तर फ्रेमसकट डिस्प्ले घ्या. तो महाग पडतो, पण काम एकदाच होतं.

चौथा. निम्म्याच्या नियमात सगळ्यात मोठी गफलत ही की किंमत कुठली धरायची ते कोणी सांगत नाही. बिलावरची? ती तर गेली. तुलना करायची ती, उरलेल्या वर्षांचा फोन मला कितीला पडतो, याची.

उदाहरण घेऊ. एका कॉलेजच्या मुलाचा १९,००० चा ॲमोलेड फोन, दोन वर्षं वापरलेला. तो स्कूटरवरून पडला. काचेला चीर आणि डावीकडे एक हिरवी रेघ. सर्व्हिस सेंटरचा अंदाज डिस्प्ले ५,२०० आणि मजुरी ४००, कर वेगळा. १८ टक्के जीएसटी धरून ६,६०८ झाले. तशाच फोनाला धडधाकट अवस्थेत जुन्या बाजारात ८,००० मिळतात, रेघेसकट १,५०० मिळतात. नवा तोडीचा फोन १६,०००.

निम्म्याचा नियम बिलावर लावला तर दुरुस्ती करा, आजच्या किमतीवर लावला तर नवा घ्या. एकाच नियमातून दोन उत्तरं! आता वर्षांनी भागू. जुन्याला अजून दोन वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार असतील तर दुरुस्ती वर्षाला ३,३०४ पडते. नव्यासाठी जुना मोडीत देऊन १४,५०० भरायचे. तो चार वर्षं चालला तर वर्षाला ३,६२५. दुरुस्ती थोडी सरस. पण अपडेट एकाच वर्षात संपणार असतील, तर दुरुस्तीचे ६,६०८ त्या एका वर्षासाठीच जातात आणि नवा फोन सरळ जिंकतो. यूपीआय आणि बँकेची ॲप ज्यावर चालतात त्या फोनाचे अपडेट संपणं ही किरकोळ बाब नाही.

बॅटरी थकली असेल तर तिचा खर्चही याच हिशोबात धरा. या मुलाच्या फोनात तिचे आणखी १,४०० होते. एकूण ८,००८, म्हणजे वर्षाला ४,००४. पारडं नव्याकडे झुकलं.

त्याने तरी दुरुस्तीच घेतली, बॅटरी न बदलता. दिवसभर हॉस्टेलवर असतो, चार्जर हाताशी असतो, आणि १४,५०० एकदम काढणं घरी जमणार नव्हतं. फ्रेम तपासली, सरळ निघाली. ती वाकलेली असती तर मी त्याला रेघेसकटच फोन वापर आणि दरमहा पैसे बाजूला टाक, असं सांगितलं असतं.