मोठा दरवाजा आणि मागचं दार

"हॉलचा मुख्य दरवाजा चांगला सहा फुटी, दोन फळ्यांचा आहे. आग लागलीच तर तीनशे माणसं त्यातून आरामात बाहेर पडतील. मागच्या दारावर आणि हिरव्या पाट्यांवर उगाच खर्च कशाला?"

आधी रुंदी पाहू. सहा फूट हे चौकटीचं माप झालं. हिशेबात धरायची ती फळ्या काटकोनात उघडल्यावर उरणारी मोकळी जागा. एनएफपीए १०१ ही अमेरिकी संहिता सपाट मार्गावर माणशी ५ मिलिमीटर मागते, म्हणजे ३०० जणांना १५०० मिलिमीटर. दोन्ही फळ्या सताड उघड्या असतील तर एवढी जागा मिळते. पण दुसरी फळी बहुधा वर-खाली कड्या लावून बंद असते. मग हाती उरतात जेमतेम ८५० मिलिमीटर, १७० माणसांपुरते. त्यात फळी आत उघडणारी असेल तर मागून रेटणाऱ्या गर्दीमुळे ती ओढताच येत नाही.

समजा, दोन्ही फळ्या उघड्या आहेत. आग दाराशीच लागली तर? म्हणूनच एवढ्या माणसांसाठी किमान दोन मार्ग लागतात, आणि तेही एकमेकांपासून दूर: स्प्रिंकलर नसतील तर खोलीच्या कर्णाच्या निम्म्याहून कमी अंतर चालत नाही. ३० बाय २० मीटरच्या हॉलचा कर्ण सुमारे ३६ मीटर, म्हणून दारांत किमान १८ मीटर अंतर हवं. शेजारीशेजारी काढलेली दोन दारं एकाच धुराने निकामी होतात.

मागच्या दाराने चालणंही कमी होतं. मुख्य दार २० मीटरच्या भिंतीच्या मध्यावर असेल, तर समोरच्या कोपऱ्यातून सरळ रेषेत अंतर भरतं साडेएकतीस मीटर. पण खुर्च्यांच्या रांगांतून कोणी तिरकं जात नाही. १० अधिक ३० असे ४० मीटर चालावे लागतात. समोरच्या भिंतीच्या मध्यावर दुसरं दार दिलं, की सगळ्यात लांबच्या माणसालाही २५ मीटर पुरतात.

आता पाट्या. घाबरलेला माणूस आला त्याच वाटेने परततो. २००३ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' नाइटक्लबच्या आगीत १०० जण गेले. बाहेर पडायला इतर दारं होती, तरी बहुतेकांनी धाव घेतली ती मुख्य दाराकडे, आणि तिथेच माणसं एकमेकांवर पडून वाट तुंबली. दुसरं दार लांबूनच नजरेत भरायला हवं. युरोपीय मानकानुसार आतून उजळणारी पाटी तिच्या उंचीच्या २०० पट अंतरावरून ओळखू येते, म्हणजे १५ सेंटीमीटरची ३० मीटरवरून. बाहेरून प्रकाश पडणाऱ्या पाटीला याच्या निम्मंच अंतर मिळतं.

आणीबाणीचे दिवे मात्र मला सगळ्यात जास्त खटकतात, कारण बॅटरी चांगली असूनही ते लागत नाहीत. दिव्याने वीज गेल्याची खूण त्याच हॉलच्या नेहमीच्या दिव्यांच्या सर्किटवरून घ्यायला हवी. ती इमारतीच्या मुख्य पुरवठ्यावरून घेतली असेल, तर फक्त हॉलचा ब्रेकर पडल्यावर तिथे मिट्ट काळोख होतो. संध्याकाळी हॉल रिकामा असताना हॉलच्या दिव्यांचा तेवढा ब्रेकर पाडून बघा. आणीबाणीचे दिवे आपोआप लागले नाहीत, तर वायरिंग बदलून घ्या.