सरासरीचा पगार आणि चातुर्मासातला खिसा

"कमाई कमी-जास्त असली तरी बजेट सोपं आहे. वर्षाची कमाई बाराने भागा, तोच तुमचा पगार. त्यातले ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला. विषय संपला."

असा एक मेसेज फिरतोय. त्यातल्या बाराने भागण्यापासूनच सुरुवात करू. कोल्हापूरच्या राजारामपुरीतला माझा एक दोस्त लग्नाचे फोटो काढतो. मदतनीस, ड्रोनचं भाडं, अल्बमची छपाई वजा करून गेल्या जून ते मे त्याच्या हाती ३,२४,००० रुपये राहिले. म्हणजे सरासरी २७,०००. पण चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणून जून ते ऑक्टोबर मिळून आले फक्त ४०,०००. उरलेले २,८४,००० तुळशीच्या लग्नानंतर मेपर्यंत. त्यानं जूनपासून महिना २७,००० उचलायला घेतले तर ऑक्टोबरअखेर ९५,००० चा खड्डा पडतो. तेच नोव्हेंबरपासून उचलले तर पडत नाही. सरासरी तीच, फरक फक्त सुरुवातीच्या महिन्याचा. आणि नोव्हेंबरला सुरुवात करूनही वर्षाअखेर शिल्लक शून्य. कॅमेरा पावसात भिजला की संपलं.

म्हणून त्यानं उलटा हिशेब मांडला. भाडं, किराणा, लाईट बिल, पोराची फी, गाडीचा हप्ता मिळून १७,५०० शिवाय घर चालत नाही. पगार धरला २२,०००. धंद्याचा सगळा पैसा एका खात्यात येतो आणि १ तारखेला तेवढीच रक्कम घरच्या खात्यात जाते. मे महिन्यात ६४,००० आले तरी २२,०००च. (बायकोनं एटीएम कार्ड काढून घेतलंय, हे तो सांगत नाही, मी सांगतो.)

खरी परीक्षा ३१ मेला. पुढच्या पाच महिन्यांचा पगार १,१०,०००, अंदाजे येणार ४०,०००. म्हणजे खात्यात ७०,००० हवेत. ५०,०००च असतील तर जूनपासूनच पगार १८,००० करायचा. ऑगस्टमध्ये जाग आली तर उरलेल्या तीन महिन्यांवर सगळा भार पडतो, आणि मग १७,५०० सुद्धा निघत नाहीत. ७०,००० च्या वर असेल ते कॅमेरा दुरुस्ती आणि करासाठी बाजूला.

टक्क्यांचं तर काय बोलायचं! जुलैत ४,००० आले, त्याचे ५० टक्के २,०००. घरमालकाला भाड्याचेही टक्के सांगायचे का?

या मेसेजात एक गोष्ट मुळातच नाही: कमाई धरायची कधी? सप्टेंबरात डिसेंबरच्या लग्नाचे १०,००० आगाऊ येतात. लग्न पुढं ढकललं तर ते परत मागतात, आणि त्यातूनच अल्बमही छापायचा असतो. दोस्त ते वहीत वेगळ्या पानावर लिहितो आणि काम होईपर्यंत पगारात धरत नाही. उरलेली रक्कम तर "अल्बम हातात आला की देतो" म्हणून दोन-दोन महिने लांबते, त्यामुळे मेच्या लग्नाचे पैसे तो जुलैचेच समजतो.