वजा आठला घाबरलेल्या माझ्या मामेभावाला

ही पोस्ट लिहू का, असं त्याला आधी विचारलंय. ‘लिही, पण नाव नको, आणि फोटो तर अजिबात नको,’ एवढंच म्हणाला. म्हणून इथे त्याला बंड्या म्हणते. दहावीला गणितात 23 पडलेत. बाकीचे सगळे विषय सुटलेत, मराठीत तर चांगले 78 आहेत, पण त्या 78 बद्दल घरात अजून कुणी ब्र काढलेला नाही.

बंड्या, दहावी-बारावी नापास होऊन पुढे मोठी झालेल्या माणसांची यादी मी तुला पाठवणार नाही. निकालाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती तुला चार नातेवाइकांनी पाठवली होती, आणि त्यातल्या दोघांनी त्याच दिवशी दुपारी मामीला फोन करून ‘आता काय करणार हो त्याचं?’ असंही विचारलं होतं. मी आपली त्या झेरॉक्सबद्दल लिहितेय.

उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची म्हटल्यावर तू सगळ्यात जास्त चिडलास. ‘परत तेच कशाला बघायचं?’ मामा म्हणत होता, थेट रिचेकिंगला टाकू. (रिचेकिंग हा शब्द आपल्याकडे कशालाही वापरतात. गुणपडताळणीत फक्त बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का एवढंच बघतात. उत्तर नव्याने तपासून हवं असेल तर ते पुनर्मूल्यांकन, आणि त्यासाठी आधी छायाप्रत घ्यावीच लागते. ती हातात आल्यापासून कामाचे पाच दिवस मिळतात, त्यात अर्ज करायचा. हे मामाला समजावण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.) शेवटी छायाप्रत आली, आणि तू ती उघडायलाच तयार नव्हतास. मी एकटीच वाचत बसले. दहा मिनिटांनी तू पाण्याची बाटली घ्यायचं निमित्त काढून मागे येऊन उभा राहिलास, ते मला कळलं होतं.

आधी बीजगणित, म्हणजे भाग 1. चाळीस मार्कांचा पेपर, दोन तास. तू पहिल्या पानावर थेट चौथा प्रश्न घेतला होतास. का, तर क्लासच्या सरांनी सांगितलेलं, मोठी गणितं आधी मारा, डोकं ताजं असतं. ज्याला मोठी गणितं येतात त्याच्यासाठी सल्ला बराच आहे. तुला तेव्हा सवय होती एक-एक मार्काच्या प्रश्नांची. तीन मोठ्या उदाहरणांपैकी दोन सोडवायची होती, आणि तू उचललंस ते शाब्दिक: लागोपाठच्या दोन नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज 113 आहे, तर त्या संख्या शोधा.

ते पान मी तीनदा वाचलं. लहान संख्या x धरलीस, पुढची x + 1. समीकरण बरोबर मांडलंस. कंस सोडवलेस, सगळं एका बाजूला घेतलंस, दोनने भागलंस आणि

x² + x − 56 = 0

इथपर्यंत आलास. एक चूक नाही. मग अवयव पाडलेस, (x + 8)(x − 7) = 0, तेही बरोबर. खाली लिहिलंस x = −8 किंवा x = 7. आणि मग या सगळ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ. रेघ इतकी दाबून मारलेली की झेरॉक्समध्येसुद्धा ती बाकी अक्षरांपेक्षा काळी आलीय.

‘हे का खोडलंस रे?’ मी विचारलं.

‘वजा आठ आलं ना. संख्या वजा कशी असेल? म्हणजे चुकलंच असणार.’

बंड्या, तुझी शंका बरोबर होती. नैसर्गिक संख्या वजा नसते. म्हणून तो −8 सोडून द्यायचा, 7 ठेवायचा, उत्तर 7 आणि 8. सातचा वर्ग 49, आठचा 64, बेरीज 113. एक ओळ राहिली होती. ज्या कारणाने तू सगळं गणित खोडलंस, तेच कारण त्या शेवटच्या ओळीत लिहायचं होतं: ‘x ही नैसर्गिक संख्या असल्याने x = −8 अग्राह्य.’ वर्गसमीकरणाला दोन उत्तरं येतात आणि शाब्दिक उदाहरणात बऱ्याचदा त्यातलं एक टाकूनच द्यायचं असतं, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण वर्गात आरामात ऐकलेलं आणि परीक्षेत दप्तर बाहेर ठेवून एकट्याने आठवायचं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यानंतरची पानं बघताना मला खरं वाईट वाटलं. तू तेच उदाहरण परत मांडलंस, पहिल्यापासून, वेगळ्या अक्षरात. परत −8. परत रेघ. या दोन फेऱ्यांत किती वेळ गेला असेल ते तुझ्या पुढच्या पानांवरून दिसतं. संभाव्यतेचं सोपं गणित अर्धवट, आणि एक-एक मार्काचे चार प्रश्न शेवटच्या पानावर पळत्या अक्षरात, त्यातले दोन कोरेच. बीजगणितात मिळाले 7.

आता भूमिती. तिथे मी तुझ्यावर थोडी रागावले होते, ते मागे घेते, पण गोष्ट सांगायलाच हवी. भूमितीच्या पेपरला तुला 3 आहेत, आणि ते तुला येत नव्हतं म्हणून नाहीत. पेपर जवळजवळ कोरा आहे. पहिल्या प्रश्नातले चार पर्यायवाले प्रश्न, ज्यांना उलटे मार्क कापले जात नाहीत, तेसुद्धा तू सोडलेस. विचारलं तर म्हणालास, ‘बीजगणित गेलंच होतं ना ताई. एकात नापास म्हणजे नापासच.’

तिथे गडबड झाली. भाग 1 आणि भाग 2 ला वेगवेगळं पास व्हावं लागत नाही. दोन्हींचे मिळून 80, शाळेकडचे 20, असा सगळा एकच विषय आहे शंभराचा. तुला शाळेकडून 13 होते. म्हणजे 35 ला पोचायला दोन पेपर मिळून 22 हवे होते. मिळाले 10. कमी पडले 12. त्यातले चार त्या −8 च्या रेघेखाली पडलेत. उरले आठ. भूमितीचा पहिला प्रश्नच आठ मार्कांचा होता, चार पर्यायवाले आणि चार एका मार्काचे. ते सगळे आले असते असं मी म्हणत नाही. पण त्याच भूमितीत समरूपतेची एक कृती होती, नुसत्या चौकटी भरायच्या, आणि तशी कृती तू परवा माझ्यासमोर दोन मिनिटांत भरलीस, तोंडात चिवडा असताना.

म्हणून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज नको, असं मी मामाला सांगितलं. तपासणाऱ्यांनी काही अन्याय केलेला दिसत नाही, खोडलेल्याला शून्य आणि कोऱ्याला शून्य. मामा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला बोर्डाची चूक हवी होती. माणसाला दुसऱ्याची चूक सापडली की जेवण जातं.

मला बारावीला फिजिक्स राहिलं होतं, हे तुला माहीत आहे का? घरात तो विषय निघत नाही. माझ्या आईने, म्हणजे तुझ्या आत्याने, चार दिवस सगळ्यांना ‘निकाल राखून ठेवलाय’ असं सांगितलं. बोर्डाने नव्हता ठेवला, तिने ठेवला होता. त्यातच समोरच्या काकू पेढे घेऊन आल्या, त्यांच्या मुलीला 84 टक्के. आईने पेढा घेतला, ‘अरे वा’ म्हणाली, आणि पेढा फ्रिजवर ठेवून दिला. तो तिथे आठवडाभर होता, मुंग्या लागेपर्यंत. कुणी खाईना आणि कुणी टाकेना.

आमच्या वेळी ऑक्टोबर असायचा. ऑक्टोबरला सुटलं तरी पुढच्या वर्षीपर्यंत ॲडमिशन नाही, म्हणजे वर्ष गेलंच. मला ऑक्टोबरमध्ये 41 पडले, आणि पुढचे सहा-सात महिने मी घरी बसून आईबरोबर दुपारच्या मालिका बघितल्या. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं शहाणपणाचं माझ्याकडे काही नाही. कंटाळा आला होता, इतकंच. तुमच्या दहावीला 2015 पासून निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेतात, म्हणून वर्ष जात नाही. शिवाय दहावीचे एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, विषय मागाहून सोडवता येतो. तुझा एकच राहिलाय. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, मामीला रात्री झोप लागावी म्हणून सांगतेय. ती ही पोस्ट वाचणार हे मला ठाऊक आहे.

आणि काल आपण फॉर्म भरायला शाळेत गेलो, ते. तू टोपी घातलीस, मास्क लावलास, आणि फाटकापाशी म्हणालास की तूच जाऊन ये. फॉर्म शाळेतूनच भरावा लागतो, सही तुझी लागते, म्हणून तुला यावंच लागलं. ऑफिसातल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, ‘कोणता विषय?’ तू म्हणालास, ‘गणित.’ ‘बैठक क्रमांक?’ तू सांगितलास. ‘इथे सही.’ झालं. तीन मिनिटं. त्यांच्यासमोरच्या यादीत तुझ्या वर बरीच नावं होती, आणि बाहेर बाकावर तुझ्याच वर्गातला तो उंच मुलगा बसला होता, त्यानेही टोपी घातली होती. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून आधी ओळख दाखवेनात. मग तो म्हणाला, ‘भूमिती?’ तू म्हणालास, ‘दोन्ही.’ तो हसला. तूही हसलास. निकालानंतर पहिल्यांदा.

क्लास परत लावायचा की नाही ते तुझं तू ठरव, मी मामाला ‘त्याला विचार’ एवढंच सांगितलंय. रविवारी मी येतेय. पहिल्या दिवशी नुसती शाब्दिक उदाहरणं घेऊ, ज्यांना दोन उत्तरं येतात तीच, आणि प्रत्येकात कुठलं टाकायचं ते तू मला सांगायचं. क्षेत्रफळाची, वयाची, जी मिळतील ती. वेळ लावून पेपर सोडवणं नंतर बघू, आणि तेव्हा सुरुवात पहिल्या प्रश्नापासून.

कंपासपेटीत पेन्सिल आहे का बघून ठेव. आणि माझा चार्जर तुझ्याकडे राहिलाय, पांढरा, तो शोध.