खिशातली चकली

परवा संध्याकाळी आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत लिफ्टची वाट बघत उभी होते. तिसऱ्या मजल्यावरच्या अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून टिश्यूत गुंडाळलेली एक चकली काढली. माझी. गौरीच्या फराळातली. आणि वॉचमन, एक कुरिअरवाला मुलगा आणि पाचव्या मजल्यावरची नवी सूनबाई एवढ्या पंचांसमक्ष ती हळूहळू वाकवली.

“बघा वहिनी. मोडत नाही. वाकते.”

आता मला सांगा, माणूस चकली खिशात घेऊन का फिरतो? अप्पांकडे त्याचंही उत्तर होतं. “म्हटलं, तुम्ही भेटाल तेव्हा दाखवीन. नुसतं सांगितलं तर तुम्हाला पटलं नसतं.” म्हणजे पुरावा सोबत बाळगून ते कधीपासून हिंडत होते देव जाणे. टिश्यूवर तेलाचा नकाशा उमटला होता. भाद्रपदातलं ठाणं, हवा पिळून काढावी इतकी ओली, वर अप्पांच्या छातीची ऊब. त्या खिशात पापडही वाकला असता.

“राग मानू नका,” अप्पा म्हणाले. हे म्हणणाऱ्याला राग अपेक्षित असतोच. “तुमचं तेल हलकं आहे. पाम असणार. आमच्याकडे फक्त सूर्यफूल. तुम्ही तेल बदला, चकली कुरकुरीत होईल.”

“शेंगदाण्याचं आहे,” मी म्हटलं.

“मग भेसळ असणार.”

“अप्पा, डब्याचं झाकण लावलं होतं का?”

“आम्ही झाकण घट्ट लावत नाही. पदार्थाला हवा लागली पाहिजे, नाहीतर कुबट होतो.” मग कुरिअरवाल्याकडे वळून, “तू सांग रे, खाऊन बघ.” तो बिचारा हातात पार्सल, खांद्यावर बॅग. “काका, सही तेवढी करा,” म्हणाला. अप्पांनी सही केली आणि पेनाबरोबर चकलीचा तुकडाही त्याच्या हातात ठेवला. त्याने तो तोंडात टाकला, चावला, चावतच राहिला. वॉचमनने मान हलवली. निकाल लागला.

मला तेव्हा बोलता आलं नाही, कारण लिफ्ट आली. म्हणून इथे बोलते.

मऊ पडणं आणि खवट होणं हे दोन वेगळे रोग आहेत. मऊपणा पाण्याचा, खवटपणा तेलाचा. अप्पांची चकली मऊ होती, खवट नव्हती, आणि तरी त्यांनी शिक्षा तेलाला दिली. ठाण्यातले निम्मे लोक हेच करतात. उरलेले निम्मे चकली विकत आणतात आणि डब्यात घालून ‘घरची’ म्हणून देतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

चकली तळणं म्हणजे तिच्यातलं पाणी हाकलणं. भाजणीची उकड काढताना आपण त्यात भरपूर गरम पाणी घालतो, तेच आता बाहेर काढायचं असतं. सोऱ्यातून पाडलेली चकली तेलात सोडली की जे बुडबुडे उसळतात ती तेलाची नव्हे, त्या पाण्याची वाफ. म्हणून तळणीत रंगापेक्षा बुडबुड्यांकडे बघावं. सुरुवातीला ते मोठे, दांडगे, चर्रचर्र करणारे. तेव्हा झारा लावायचा नाही, चकली तुटते. ती सावरली की उलटायची आणि आच मंद करायची. मग बुडबुडे बारीक होतात, विरळ होतात, आवाज बसत जातो. जवळजवळ शांत झालं की घाणा काढायचा. मध्यम ते मंद आचेवर एका घाण्याला सात-आठ मिनिटं सहज जातात, आणि कढईत एका वेळी चारच. जास्त टाकल्या की तेल एकदम निवतं, आणि मग चकली तळली न जाता तेल पीत बसते.

घाई झाली की माणूस गॅस मोठा करतो. चकली झटकन लाल होते, बघणाऱ्याला वाटतं झाली. पण कड बाहेरून भाजली आणि पाणी आत राहिलं. काढल्यावर तासाभराने खाल्ली तर कुरकुरीतही लागते. फसवणूक नंतर उघडी पडते: डबा बंद असूनही आतला ओलावा हळूहळू बाहेरच्या कडेत झिरपतो आणि एक-दोन दिवसांत सगळी चकली चिवट होते. निवलेली चकली मोडून बघा. आतपर्यंत एकसारखी कोरडी, जाळीदार दिसली पाहिजे. मधोमध गडद, ओलसर रेघ दिसली तर सगळा घाणा पुन्हा मंद आचेवर सोडायचा, लगेच, त्याच दिवशी.

माझ्या चकल्या मी मोडून बघितल्या होत्या. त्याच घाण्यातल्या माझ्या डब्यात आजही कडकड वाजतात. तळल्यावर त्या कागदावर पूर्ण निवू द्याव्या लागतात, गरम भरल्या तर वाफ झाकणाला लागून खाली ठिबकते. पण निवल्या की पावसाळ्यात तासभरही उघड्या ठेवायच्या नाहीत, कारण कोरडी चकली हवेतलं पाणी ओढून घेते. अप्पांनी तिला जी ‘हवा’ दिली, ती ही.

बरं, मऊ पडलेली सुधारता येते. ओव्हन शंभर-सव्वाशे अंशांवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं चकल्या सुकवल्या आणि पूर्ण निवू दिल्या की पुन्हा मोडतात. हे अप्पांना फोन करून सांगावं असं मला वाटलं होतं. क्षणभर.

आता तेल. इथे अप्पांचा सूर्यफुलाचा अभिमान. रोजच्या भाजीला ते उत्तम असेल, पण महिनाभर टिकवायच्या फराळाला नाही. त्यातला मोठा भाग हवेशी चटकन संयोग पावणाऱ्या स्निग्धाम्लांचा असतो. करडईचं आणि सोयाबीनचंही तसंच. शेंगदाण्याच्या तेलात तो भाग बराच कमी. पामतेल तर त्याहून टिकाऊ, म्हणून तर फरसाणवाले ते वापरतात, आणि शिवाय स्वस्त. तब्येतीचा हिशेब वेगळा, मी टिकण्याबद्दल बोलतेय. म्हणजे अप्पांनी मला जी शिवी म्हणून दिली, ते तेल टिकण्यात त्यांच्या तेलाचा बाप आहे.

तेल कोणतंही घ्या, ते ताजं हवं. कालच्या पुऱ्यांचं उरलेलं, घट्टसर, फेस धरणारं तेल कढईत ओतलंत की चकली जन्मतःच म्हातारी. खवटपणा आला की डबा उघडताच जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. त्याला मात्र ओव्हन नाही, मंद आच नाही, काही नाही. फेकायचं. उजेडाने तो लवकर येतो, म्हणून चकल्या काचेच्या बरणीत खिडकीशी मांडून ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. शोकेस आहे का ती?

काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर अप्पांचा मेसेज आला: ‘सणाच्या फराळात हलकं तेल टाळावे. स्वानुभव.’ सोबत वाकलेल्या चकलीचा फोटो. खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात पाचव्या मजल्यावरच्या सूनबाईंचाही अंगठा आहे. माझा तिसरा डबा त्यांच्याकडे गेलाय, आणि तो रिकामा परत आलाय.