पाहुणा बदलला? बदलू द्या की!

होमस्टे चालवता ना? मग दिवाळीच्या तोंडावर रात्री साडेदहाला अनोळखी नंबरवरून फोन येणारच. "देशमुखांच्या नावाचं बुकिंग आहे ना, त्यावर आता आम्ही येतोय. तेवढं नाव बदला." लगेच हो म्हणा. अतिथी म्हणजे देव, आणि देवाकडे कोणी आधार कार्ड मागतं का?

लेखी काही घेऊ नका, फोनवरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

स्पेलिंग चुकलं असेल तर मात्र कडक राहा, पाचशे रुपये लावा.

ट्रॅव्हल साइटवरचं बुकिंग असेल तर आपल्या वहीत नाव खोडा, झालं. साइटवर जुनंच नाव राहिलं तरी काय बिघडतं!

आणि देशमुखांना मुळीच विचारू नका. दोन खोल्या, तीन रात्री, दर साडेचार हजार, म्हणजे एकूण २७,०००. निम्मे, १३,५००, त्यांनी कार्डावरून आगाऊ भरलेत. नवे लोक येतील, राहतील, उरलेले निम्मे देऊन जातील. महिन्याभराने देशमुख बँकेत तक्रार करतील, 'मी तिथे राहिलोच नाही, पैसे परत द्या.' आणि ते खोटंही नाही! तुमच्या रजिस्टरात नाव दुसऱ्याचं, ओळखपत्राची प्रत दुसऱ्याची. देशमुखांची संमती कुठाय? कुठेच नाही. गेले १३,५००. चादरी धुतल्या, सुरमई तळली, वर हे. त्यात नवा पाहुणा जाता जाता सांगतो की बुकिंगसाठी त्याने देशमुखांना २०,००० मोजले. खोली तुमची, कमाई त्यांची! जूनमध्ये स्वस्तात तारखा अडवायच्या, दिवाळीत चढ्या भावाने विकायच्या, आणि वर मालकालाच ऐकवायचं की तुम्ही फार ताणता!

पुरे. हा नियम बुकिंग पक्कं करतानाच पाठवा:

"नावातील अक्षरांची चूक विनाशुल्क दुरुस्त करू. मुख्य पाहुणा बदलायचा असल्यास ज्या क्रमांकावरून किंवा ईमेलवरून बुकिंग झाले, तिथूनच चेक-इनच्या ४८ तास आधी लेखी कळवावे. तारखा, दर व रद्द करण्याच्या अटी त्याच राहतील. परतावा देय असल्यास तो मूळ पैसे भरणाऱ्यालाच मिळेल. ट्रॅव्हल साइटवरील बुकिंगचे नाव त्या साइटमार्फतच बदलावे. बुकिंग जास्त दराने विकल्यास ते रद्द होईल."

आणि रात्रीच्या फोनला उत्तर हे:

"नमस्कार. हे बुकिंग देशमुखांच्या नावावर आहे. त्यांनी स्वतःच्या नंबरवरून 'माझ्याऐवजी अमुक व्यक्ती राहतील, भरलेली रक्कम त्यांच्या मुक्कामासाठी धरावी' असा मेसेज केला की नाव बदलून नवीन कन्फर्मेशन पाठवतो. येताना प्रत्येक प्रौढाचे ओळखपत्र आणावे."

मेसेज येईपर्यंत किल्ली द्यायची नाही. भिडेखातर फोनवर "बघू, या तुम्ही" म्हणता ना, त्याचाच हे लोक फायदा घेतात. आणि देशमुख, एक मेसेज टाकायला तुम्हाला अर्धा मिनिट लागतो. टाका की!