वाइनचा एकच क्रम पाठ करण्याविषयी

«क्रम एकच पाठ करा, लाल असो वा पांढरी : क्रशिंग, प्रेसिंग, यीस्टचं फर्मेंटेशन, लगेच सल्फर, मग मॅलोलॅक्टिक. मॅलोलॅक्टिकमध्ये उरलेल्या साखरेचं अल्कोहोल होतं. प्रत्येक वाइनला ते करावंच लागतं. एवढं आलं की पेपर सुटला.»

मुंबईत वाइनच्या प्रमाणपत्र परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या मोबाइलवर हा मजकूर गेले काही महिने फिरतो आहे. हे परीक्षार्थी बहुतेक हॉटेलांत आणि वाइनच्या दुकानांत नोकरी करतात. दिवसभराच्या पाळीनंतर अभ्यासाला बसणाऱ्याला चार ओळींचे सूत्र हवेसे वाटले तर त्यात नवल नाही. मात्र या सूत्रातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि परीक्षेतले प्रश्न नेमके याच ठिकाणी विचारले जातात.

पहिला मुद्दा प्रेसिंगचा. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गरही रंगहीनच असतो. रंग आणि टॅनिन सालीत असतात. म्हणून लाल वाइनसाठी द्राक्षे देठ काढून फोडली की रस, साल आणि बिया यांचा तो लगदा तसाच टाकीत जातो आणि किण्वन सालींसह होते. वर तरंगून येणारा सालींचा थर रोज दाबून खाली बुडवतात, किंवा खालचा रस पंपाने त्याच्यावर सोडतात. प्रेसची वेळ येते ती किण्वन संपल्यावर किंवा संपत आल्यावर. पांढऱ्या वाइनमध्ये प्रेस आधी येते आणि किण्वन होते ते निवळलेल्या रसाचे. शॅम्पेनमध्ये काळ्या पिनो न्वारपासून पांढरी वाइन निघते ती याच कारणाने : रस सालीपासून लवकर वेगळा केलेला असतो. ‘प्रेसिंग किण्वनाच्या आधी की नंतर’ या प्रश्नाला वाइनचा प्रकार विचारल्याशिवाय उत्तर नाही.

दुसरा मुद्दा साखरेचा. गैरसमज सर्वांत खोल इथेच आहे. साखरेचे अल्कोहोल करते ते यीस्ट. मॅलोलॅक्टिकचे काम जिवाणू करतात, त्यांतला मुख्य ईनोकॉकस ईनाय, आणि ते मॅलिक आम्लाचे रूपांतर लॅक्टिक आम्लात करतात. त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो, अल्कोहोल तयार होत नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा, एका शिराझचे यीस्टचे किण्वन संपले आहे. मॅलिक आम्ल लिटरला 2.4 ग्रॅम, एकूण आम्लता टार्टारिक आम्लाच्या मापात 6.8 ग्रॅम आणि पीएच 3.5 आहे. मॅलोलॅक्टिक पूर्ण झाल्यावर काय दिसेल? एक ग्रॅम मॅलिकपासून साधारण 0.67 ग्रॅम लॅक्टिक मिळते, म्हणजे इथे सुमारे 1.6 ग्रॅम. मॅलिकच्या रेणूत आम्लता देणारे दोन गट असतात, लॅक्टिकच्या रेणूत एकच. म्हणून मॅलिकच्या वाट्याची आम्लता निम्मी होते. टार्टारिकच्या मापात हिशेब केला तर एक ग्रॅम मॅलिकमागे 0.56 ग्रॅम घट, म्हणजे इथे सुमारे 1.3 ग्रॅम. एकूण आम्लता 5.5 च्या आसपास येईल, पीएच एक-दोन दशांशांनी चढेल आणि अल्कोहोल होते तितकेच राहील. पर्यायांमध्ये ‘अल्कोहोल वाढते’ असे दिसले की तो पर्याय बिनदिक्कत खोडावा.

साखर उरलेली असताना हे जिवाणू जोमात आले, तर उलट संकट ओढवते. यीस्टचे किण्वन मधेच अडकले असेल, तर साखर त्यांच्या हाती लागते आणि ते तिच्यापासून लॅक्टिकबरोबर ॲसिटिक आम्लही तयार करतात. वाइनला व्हिनेगरची झाक येते. म्हणूनच बरेच वाइनकार यीस्टचे काम संपल्याची खात्री झाल्यावरच जिवाणू सोडतात. काही जण यीस्टनंतर एक-दोन दिवसांतच जिवाणू टाकून दोन्ही कामे एकत्र चालवतात, आणि किण्वन निरोगी असेल तर ते चालूनही जाते. क्रम दगडावरची रेघ नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

तिसरा मुद्दा सल्फरचा, आणि या मजकुरातले सर्वांत महागात पडणारे वाक्य तेच आहे. सल्फर डायऑक्साइड क्रशिंगच्या वेळी बेताने घालतात, साधारण लिटरला 30 ते 50 मिलिग्रॅम, म्हणजे रसाचे ऑक्सिडेशन आणि नको असलेले सूक्ष्मजीव आवरले जातात. मॅलोलॅक्टिक हवे असेल तर यीस्टच्या कामानंतर पुन्हा सल्फर घालायचे नाही. हे जिवाणू यीस्टपेक्षा नाजूक असतात. त्यांना 18 ते 22 अंशांची ऊब, 3.2 च्या वरचा पीएच आणि अगदी थोडे सल्फर लागते. ‘लगेच सल्फर’ घातले की ते गप्प बसतात, आणि वाइनकार महिनाभर टाकीकडे बघत राहतो.

सल्फरची वेळ झाली हे कळते कागदावर. क्रोमॅटोग्राफीच्या कागदाच्या तळाशी वाइनचा थेंब ठेवून त्याची कड द्रावणात बुडवतात. कागद पूर्ण सुकल्यावर निळसर-हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळे ठिपके उमटतात : सर्वांत खाली टार्टारिक, मधल्या भागात मॅलिक, त्याच्या वर लॅक्टिक. मॅलिकचा ठिपका पुसट होत नाहीसा झाला आणि लॅक्टिकचा ठसठशीत झाला की काम जवळपास उरकले. जवळपास म्हणण्याचे कारण हे, की लिटरला दशांश ग्रॅमच्या आतले मॅलिक हा कागद दाखवत नाही; बाटलीत भरण्यापूर्वी एन्झाइमची चाचणी केलेली बरी. मग सल्फर. पीएच चढल्यामुळे ते आता जास्त लागते : 3.5 ला लिटरला 25 मिलिग्रॅम मुक्त सल्फर जे संरक्षण देते, त्यासाठी 3.7 ला सुमारे 40 लागते.

‘प्रत्येक वाइनला’ या दाव्यावर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. बहुतेक लाल वाइनमध्ये मॅलोलॅक्टिक होते. शार्दोनेमध्ये ते अनेकदा मुद्दाम करतात आणि लोण्यासारखा वास त्यातूनच येऊ शकतो. रीसलिंग, सोव्हिन्यॉन ब्लां, शेनिन ब्लां यांत बहुधा ते टाळतात, कारण तिथे टवटवीत आंबटपणा हवा असतो. नाशिककडच्यासारख्या उबदार हवेत पिकताना द्राक्षे मॅलिक आधीच बरेचसे खर्च करतात. उरलेला आंबटपणा राखणे हाच तिथल्या पांढऱ्या वाइनचा प्रश्न असतो. टाळण्यासाठी वाइन थंड ठेवतात, सल्फर वेळेवर घालतात आणि शेवटी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतात.

ही गाळणी नीट झाली नाही आणि मॅलिक शिल्लक राहिले, तर मुंबईतल्या एखाद्या वातानुकूलन नसलेल्या गोदामात जिवाणू बाटलीतच कामाला लागतात. बूच उघडताच बारीक बुडबुडे दिसतात, वाइन किंचित गढूळ असते आणि चव मिळमिळीत लागते. यीस्ट पुन्हा जागे झाल्यावरही बुडबुडे येतात, म्हणून परीक्षक दोन्हींतला फरक विचारतात. भरतेवेळच्या नोंदीशी ताडून पाहावे : साखर घटून अल्कोहोल वाढले असेल तर ते यीस्टचे काम, साखर जागच्या जागी आणि मॅलिक गायब असेल तर ते जिवाणूंचे.